एक्सरे रिपोर्टात "ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज वाढलेल्या" लिहिलंय, म्हणजे नक्की काय समजायचं?

कऱ्हाडचा_मंदार
मंडळी, जरा मदत हवी आहे. बाबा ६३ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, बिडी ओढायचे पण १२ वर्षांपूर्वी सोडली. मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत एका लॅबचं चेकअप पॅकेज आलं होतं त्यात त्यांचा छातीचा एक्सरे काढला आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. त्यातलं जसंच्या तसं देवनागरीत लिहितो:

"दोन्ही लोअर झोन्समध्ये ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट. दोन्ही हायलर शॅडो किंचित प्रॉमिनंट. कार्डिॲक साइज बॉर्डरलाइन. दोन्ही सीपी अँगल क्लिअर. फोकल कन्सॉलिडेशन नाही. इम्प्रेशन: ? ब्राँकायटिस. क्लिनिकल कोरिलेशन सुचवले."

मी हे गूगलवर टाकलं आणि तासाभरात हार्ट फेल्युअरपासून फुप्फुसाच्या फायब्रोसिसपर्यंत सगळं वाचून झालं, रात्री झोप नाही. बाबांना खोकला थोडा आहे, सकाळी जास्त, पण तो कित्येक वर्षांचाच आहे. फॅमिली डॉक्टर गावाला गेलेत ते सोमवारी येतील. तोवर कुणी सांगेल का की या मार्किंग्ज म्हणजे काय, आणि त्या "वाढतात" म्हणजे काय होतं?

शंकेखोर
सोप्पं आहे हो. ब्राँको म्हणजे श्वासनलिका, त्या सुजल्या की एक्सरेत ठळक दिसतात, म्हणजे कफ साचलाय. बिडीवाल्यांना असतंच हे. आमच्या काकांनाही असंच आलं होतं, पंप दिला आणि बरं वाटलं. बाकी इतका जुना खोकला आहे तर टीबीची तपासणी करून टाका, एक्सरेत टीबी असाच दिसतो.

जुना_एक्सरेवाला
मंदारराव, आधी पाणी प्या. मी डॉक्टर नाही, २६ वर्षं एक्सरे टेक्निशियन होतो, सरकारी दवाखान्यात, त्यामुळे निदान सांगणार नाही पण फिल्म कशी निघते आणि कशी बिघडते ते माझ्याइतकं कमी लोकांना माहीत असेल.

शंकेखोरांचं अर्धं बरोबर आहे. नावात ब्राँको आहे खरं, पण निरोगी माणसाच्या एक्सरेत त्या झाडाच्या फांद्यांसारख्या ज्या पांढुरक्या रेषा दिसतात त्या जवळजवळ सगळ्या रक्तवाहिन्या असतात. श्वासनलिकेत हवा, आजूबाजूच्या फुप्फुसात पण हवा, आणि मधली भिंत कागदासारखी पातळ, मग ती दिसणार कशी? रक्त मात्र पाण्यासारखं दाट, ते एक्सरे अडवतं म्हणून दिसतं. तेव्हा "मार्किंग्ज वाढल्या" याचा पहिला अर्थ एवढाच की बघणाऱ्याला या रेषा नेहमीपेक्षा जास्त किंवा जाड वाटल्या. का वाटल्या ते वेगळं.

आणि का वाटण्याचं एक अगदी कॉमन कारण सांगू? पेशंटने श्वास पुरता घेतलेला नसतो. फुगा अर्धा फुगवला तर त्यावरची नक्षी जवळजवळ येते तसं होतं. खालच्या भागात रक्तवाहिन्या एकमेकींना चिकटून दाट दिसतात, छाती-पोटामधला पडदा वर राहतो, हृदय आडवं पसरतं आणि मोठं वाटतं, आणि हायलम, म्हणजे वाहिन्या फुप्फुसात शिरतात ती जागा, ती पण गच्च दिसते. आता तुमचा रिपोर्ट परत वाचा. लोअर झोन्स, हायलर, कार्डिॲक बॉर्डरलाइन. तिन्ही एका पॅकेटात आलंय. मला वास येतोय.

फिल्म आहे का हातात? मोबाइलवरचा फोटो नको, खरी फिल्म.

चकलीभाजणी
माझ्या मुलाचं पण असंच आलं होतं, वय ४, "पेरिहायलर मार्किंग्ज वाढलेल्या", आणि मी इतकी घाबरले की रडलेच. आमच्या पेडिॲट्रिशियनने फिल्म खिडकीकडे धरली, म्हणाल्या सर्दी-व्हायरलमध्ये लहान मुलांचं असं येतंच, ताप उतरलाय, श्वासाचा वेग ठीक आहे, जेवतोय, अँटिबायोटिक नको. आठवड्यात बरा झाला. पण मग ते लिहितात तरी कशाला असं? सगळ्यांना घाबरवायला?

कोकणी_दुबईकर
भाऊ सावध राहा. माझं २०१७ ला गल्फचं मेडिकल याच एक्सरेवरून अनफिट आलं होतं. फुप्फुसात डाग म्हणाले. एकदा रेकॉर्डला लागलं की व्हिसा गेला समजा. वडिलांचं कुठे जायचं असेल तर आधी दुसऱ्या लॅबमधून क्लीन रिपोर्ट घ्या.

कऱ्हाडचा_मंदार
@कोकणी_दुबईकर बाबा कुठे जात नाहीत हो, जास्तीत जास्त पंढरपूर.

@जुना_एक्सरेवाला काका, फिल्म आहे, निळसर, वहीच्या कागदापेक्षा थोडी मोठी. काय बघू?

जुना_एक्सरेवाला
@कोकणी_दुबईकर तुमचा विषय वेगळा आहे. तिथे जुन्या टीबीचे व्रण शोधतात, ते वरच्या भागात सुरकुतल्यासारखे किंवा चुन्याच्या ठिपक्यासारखे असतात. रिपोर्टात ते फायब्रोटिक, कॅल्सिफाइड असं येतं. मार्किंग्ज हा शब्द त्यासाठी वापरत नाहीत.

मंदारराव, फिल्म दिवसाउजेडी खिडकीच्या पांढऱ्या काचेवर धरा, ट्यूबलाइटसमोर नको, पट्टा येतो. आता बरगड्या मोजायच्या. ज्या ठळक आणि जवळजवळ आडव्या दिसतात त्या पाठीमागच्या. पुढच्या फिकट असतात आणि मध्याकडे खाली उतरतात, त्यांच्याकडे आत्ता दुर्लक्ष करा. फिल्मवर आर लिहिलेल्या बाजूला, वरून पहिली पाठीमागची बरगडी शोधा, ती छोटी आणि वाकडी असते, बरीचशी कॉलरबोनच्या आसपास लपलेली. घाईत ती सुटली तर सगळा हिशोब एकाने चुकतो, माझ्या हाताखालची पोरं हमखास तिथेच चुकायची. तिथून खाली मोजत या आणि पडद्याच्या घुमटाच्या वर, घुमटाच्या मध्यावर, कितवी बरगडी दिसते ते सांगा. नऊ-दहा दिसल्या तर श्वास बरा घेतलाय. आठ किंवा कमी तर फिल्म कमी श्वासाची.

दुसरं, फूटपट्टी घ्या. हृदयाची सगळ्यात जास्त रुंदी आणि छातीच्या पिंजऱ्याची आतून सगळ्यात जास्त रुंदी मोजा. फिल्म लहान करून छापलेली आहे त्यामुळे सेंटीमीटरला अर्थ नाही, भागाकाराला आहे. मोठ्या माणसाचा निम्म्याच्या आत हवा.

तिसरं, दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्यांच्या मधल्या रेघेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. नसतील तर माणूस तिरका उभा होता, मग एका बाजूचा हायलम उगाच मोठा दिसतो.

नानासाहेब_सातारा
अडुळशाचा काढा, मध घालून, २१ दिवस. एक्सरे आपोआप स्वच्छ येतो. स्वानुभव.

कऱ्हाडचा_मंदार
मोजलं. तीनदा मोजलं कारण पहिल्यांदा नऊ आले, मग वरच्या लपलेलीपासून सावकाश परत मोजल्यावर लक्षात आलं की मी एक बरगडी दोनदा धरली होती. नंतर दोन्ही वेळा आठच. हृदय ८.३, छाती १६, म्हणजे ०.५२. कॉलरबोन सारख्याच वाटतात.

आणि काका, बाबांना विचारलं की तुम्ही श्वास घेतला होता का, तर ते म्हणाले "मला कुणी सांगितलंच नाही." बाबांना कमी ऐकू येतं. तिथल्या मुलाने चेन, खिशातलं सगळं, धातूचं काय असेल ते काढा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी कानाचं यंत्र पण काढून आईकडे दिलं! मग तो काचेमागून "श्वास घ्याऽऽ, धरा" ओरडला ते यांना ऐकूच गेलं नाही. प्लेटला छाती लावून निवांत उभे होते.

जुना_एक्सरेवाला
हा हा. हे मी शंभर वेळा पाहिलंय. यंत्र काढायची गरजच नव्हती, फिल्मच्या चौकटीत कान कुठे येतो? कमी ऐकणाऱ्याला आम्ही हाताने इशारा ठरवून द्यायचो, हात वर केला की श्वास घ्यायचा, आणि एकदा घेऊन दाखवायला लावायचो.

माझ्या मते परत एक फिल्म काढा, पूर्ण श्वासाची. किरणांची भीती नको, छातीच्या एका फिल्मला निसर्गातून दहाएक दिवसांत मिळतात तेवढेच किरण लागतात. बघा, सगळं साफ येईल.

रात्रपाळी_रेडिओ
मी रेडिओलॉजीत शिकते आहे, शेवटचं वर्ष. हा धागा वाचून हसू पण आलं आणि थोडी लाज पण वाटली कारण हा शब्द मी स्वतः आठवड्यातून कितीतरी वेळा लिहिते. काकांचं बरगड्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण "सगळं साफ येईल" ही खात्री मी दिली नसती.

@चकलीभाजणी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. मार्किंग्ज वाढलेल्या हे वर्णन आहे, निदान नाही, आणि रेडिओलॉजीतल्या सगळ्यात ढिल्या शब्दांपैकी एक आहे. किती म्हणजे वाढलेल्या याला मापच नाही. एकच फिल्म आम्हा तिघांना दाखवली तर दोघं लिहितील, एक लिहिणार नाही. वर आता डिजिटल मशीन फिल्म धारदार करून देतं, त्या सेटिंगने सुद्धा रेषा उठून दिसतात. आमचे एक सर हा शब्द दिसला की लाल पेनने खोडतात, म्हणतात आजार दिसतोय तर त्याचं नाव लिही, नाही दिसत तर नॉर्मल लिही. पण पेशंट न बघता, फॉर्मवर फक्त "चेकअप" लिहिलेलं असताना, ६३ वर्षांच्या माणसाच्या फिल्मवर ठामपणे नॉर्मल लिहायला हात धजत नाही, मग हा शब्द येतो. क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे तेच, की मला फक्त सावली दिसतेय, माणूस तुमच्यासमोर आहे, तुम्ही ठरवा. आणि मंदार, "ब्राँकायटिस"च्या आधीचं ते प्रश्नचिन्ह नजरेतून सुटू देऊ नका.

@शंकेखोर टीबीबद्दल: टीबी असता तर रिपोर्टात बहुधा वरच्या भागात पॅच, कॅव्हिटी, नोड्यूल असं काहीतरी आलं असतं. नुसत्या खालच्या मार्किंग्जवरून कुणी टीबी म्हणत नाही. पण शुगरवाल्यांमध्ये टीबी खालच्या भागात पण होतो, म्हणून तुमचा सल्ला मी उडवून लावणार नाही. खोकला नवा असेल किंवा बदलला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर थुंकीची तपासणी करायची, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. एक्सरेवर टीबी ठरतही नाही आणि सुटतही नाही.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते. मंदार, बाबा झोपताना किती उशा घेतात? पायांवर संध्याकाळी सूज असते का? जिना चढताना पूर्वीपेक्षा थांबावं लागतं का?

कऱ्हाडचा_मंदार
दोन उशा. पण ते म्हणतात मानेसाठी, पहिल्यापासून. आई म्हणते पहिल्यापासून वगैरे काही नाही, दिवाळीनंतर दुसरी उशी आली. यावरून घरात आत्ता भांडण चालू आहे. पाय सुजत नाहीत. जिना, दुसऱ्या मजल्यावर थांबतात, पण आमच्या शेजारच्या काकूंशी बोलायला थांबतात की दम लागतो म्हणून ते मला सांगता येणार नाही.

उशांचा काय संबंध?

रात्रपाळी_रेडिओ
हृदयाचा डावा भाग कमी पडायला लागला की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, आडवं झाल्यावर जास्त, म्हणून माणूस नकळत डोकं वर करून झोपायला लागतो. एक्सरेत तेव्हा रक्तवाहिन्याच ठळक होतात, म्हणजे मार्किंग्जच. फरक हा की उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये एरवी खालच्या वाहिन्या जाड आणि वरच्या बारीक असतात, तुंबल्यावर वरच्या पण जाड होतात. आणखी वाढलं तर छातीच्या अगदी खालच्या बाहेरच्या काठाला टेकलेल्या एक-दोन सेंटीमीटरच्या बारीक आडव्या रेषा दिसतात. रक्तवाहिनी कधी काठापर्यंत दिसत नाही, ती निमुळती होत आधीच संपते. म्हणून काठाला टेकलेली रेष दिसली की आम्ही ताठ बसतो.

तुमच्या रिपोर्टात त्या रेषांचा उल्लेख नाही आणि सीपी अँगल, म्हणजे फुप्फुसांचे खालचे कोपरे, मोकळे आहेत म्हणजे तिथे फारसं पाणी साचलेलं नाही, हे चांगलं. पण कमी श्वासाच्या फिल्मवर वरच्या वाहिन्यांचं काही सांगता येत नाही, पडदा वर आला की सगळंच गच्च. म्हणून फिल्म परत काढा, आणि उशीची गोष्ट सोमवारी डॉक्टरांना न विसरता सांगा, बाबांना नाही तर आईला सोबत न्या. मधे कधी आडवं झाल्यावर दम लागला किंवा रात्री गुदमरून जाग आली तर सोमवारची वाट बघू नका.

शंकेखोर
म्हणजे मार्किंग्ज म्हणजे हार्ट? आधी म्हणालात काहीच नाही. एक काय ते ठरवा राव.

जुना_एक्सरेवाला
शंकेखोर, घराची बेल वाजली म्हणजे पोस्टमन पण असू शकतो आणि वाऱ्याने वायर हलली असं पण असू शकतं. दार उघडून बघायचं.

पोरीचं म्हणणं मला मान्य आहे, मी साफ येईल म्हणायला नको होतं. सवय आहे, फिल्म दिसली की आधी टेक्निशियनला शिव्या घालायची.

कऱ्हाडचा_मंदार
अपडेट. सोमवारी डॉक्टरांकडे गेलो, आई सोबत. त्यांनी छाती ऐकली, मागे खाली थोडी शिट्टी ऐकू येतेय म्हणाले. ईसीजी ठीक. थुंकी पण दिलीय. एक्सरे दुसऱ्या ठिकाणी परत काढला, मी स्वतः आत जाऊन बाबांना हाताचा इशारा समजावून सांगितला, कानाचं यंत्र कानातच ठेवलं, मग बाहेर आलो.

नवीन फिल्म घरी येऊन लगेच खिडकीला लावली. आर बाजूला दहा बरगड्या! हृदय ७.९, छाती १६.८, म्हणजे ०.४७. दोन फिल्म शेजारी धरल्या तर वेगळ्या माणसाच्या वाटतात. रिपोर्टात हृदय नॉर्मल, दोन्ही हायलम नॉर्मल, पण मार्किंग्ज गेल्या नाहीत, आता "दोन्ही बाजूंना किंचित प्रॉमिनंट, वयाशी सुसंगत असू शकतात" असं लिहिलंय. इम्प्रेशनमध्ये "विशेष दोष नाही".

डॉक्टरांनी उशीचं ऐकून टूडी एको करायला लावला. पंपिंग ६० टक्के, पण "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" आलंय. म्हणजे परत एक नवीन शब्द.

चकलीभाजणी
आमच्या सासूबाईंच्या एकोतही तेच आहे, आणि त्यांच्या भिशीतल्या निम्म्या बायकांच्या सुद्धा.

रात्रपाळी_रेडिओ
हो, या वयात ते फार लोकांत सापडतं, हृदय सैल पडायला थोडा वेळ घेतं एवढाच त्याचा अर्थ, आणि नुसत्या ग्रेड वनमुळे सहसा दोन उशा लागत नाहीत. हृदयामुळे फुप्फुसात रक्त तुंबलंय असं या फिल्मवरून आणि एकोवरून वाटत नाही. उरलेल्या किंचित मार्किंग्ज बिडी आणि वर्कशॉपमधल्या धुराच्या असतील, किंवा वयाच्याच असतील, एक्सरेवरून हे वेगळं काढता येत नाही. शिट्टी ऐकू आलीय ना, तिथे श्वासाची तपासणी जास्त सांगेल. नळकांड्यात फुंकायचं असतं ती. सीओपीडी, म्हणजे बिडी-धुराने श्वासनलिका अरुंद होण्याचा आजार, सुरुवातीला एक्सरेत बहुधा दिसत नाही, म्हणून "विशेष दोष नाही" वाचून ती टाळू नका.

उशीचं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. ॲसिडिटी आहे का?

कऱ्हाडचा_मंदार
आहे, आणि ते कबूल करत नाहीत. श्वासाची तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

नानासाहेब_सातारा
काढा सुरू केला का?

जुना_एक्सरेवाला
मंदारराव, त्या तपासणीत समोरची बाई सतत ओरडत असते, "जोरात, जोरात, अजून, सोडू नका", सहा सेकंद तरी फुंकत राहायचं असतं. तिथेही यंत्र कानातच असू द्या, नाहीतर तो रिपोर्ट घेऊन परत इथे याल. आणि पंप वगैरे चालू केला असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या, तो किती तास बंद ठेवायचा ते.